व्हिप पॅन, खांबाआडचा कट आणि अंतरपाट

लग्नाच्या फिल्म एडिट करणारी मुलं मला वरचेवर विचारतात, "सर, हळदीवरून थेट मांडवात जायचंय, व्हिप मारू का?" मी उलट विचारतो, "टीझर आहे की पूर्ण फिल्म?" माझ्या मते सगळं उत्तर इथेच दडलेलं आहे. व्हिप पॅन म्हणजे कॅमेऱ्याला दिलेला झटका. तो काय किंवा खांबाआडून, माणसाआडून केलेला मास्क काय, दोन्ही एकच काम करतात. दोन दृश्यांमधलं अंतर पुसून टाकतात. म्हणून लावण्याआधी बघायचं ते एवढंच, की ते अंतर पुसलं तर काही हरवतंय का.

आधी व्हिपबद्दल. हळदीच्या अंगणात कॅमेरा नवरीवरून झटकन उजवीकडे फिरतो, चित्राचे नुसते पट्टे होतात, आणि त्याच पट्ट्यांमधून कार्यालयातला मांडव उभा राहतो. यासाठी शूट करतानाच दोन झटके हवेत. पहिल्या जागी विषयावरून सुटणारा, दुसऱ्या जागी रिकाम्या भिंतीवरून येऊन विषयावर थांबणारा. दोन्ही एकाच दिशेने आणि साधारण एकाच वेगाने. २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर अर्ध्या सेकंदाचा झटका म्हणजे बारा-तेरा फ्रेम. त्यातल्या मधल्या दोन-तीन फ्रेममध्ये काहीच ओळखू येत नाही. कट तिथे बसतो. फार तर दोन फ्रेमचा डिझॉल्व्ह. एका बाजूला अंधारं घर आणि दुसऱ्या बाजूला ऊन असेल, तर पट्टे कितीही जुळले तरी उजेडाची उडी डोळ्याला टोचते. तेवढ्या फ्रेमपुरतं एक्स्पोजर जवळ आणावं लागतं.

बहुतेक व्हिप फसतात ते शटरमुळे. २५ फ्रेमला शटर १/५० असेल तर पट्टे नीट पडतात. पण लग्नात बरेच जण स्लो मोशन हाताशी असावा म्हणून सगळंच ५० फ्रेम आणि १/१०० वर शूट करतात. तो क्लिप नॉर्मल वेगाने २५ च्या टाइमलाइनवर टाकला की एकाआड एक फ्रेम गळते आणि उरलेल्या प्रत्येक फ्रेममधला ब्लर निम्माच असतो. मग चित्र वाहत नाही, पायऱ्या उतरल्यासारखं अडखळत जातं. भर उन्हात उजेड कमी करणारा एनडी फिल्टर न लावता शटर आणखी वर नेलं असेल, तर प्रत्येक फ्रेम स्वच्छ दिसते आणि कट उघडा पडतो. ओळखायची युक्ती सोपी आहे. आवाज बंद करून बघा. 'हूश्श' काढल्यावर कट दिसला, तर तो इतका वेळ आवाजाच्या आधाराने उभा होता.

तयार प्रीसेट लावून केलेला व्हिप मला खटकतो तोही याच कारणाने. प्रीसेट सपाट चित्र सरकवतो आणि वर ब्लर ओढतो. खरा कॅमेरा हातात फिरताना सुरुवातीला वेग घेतो, थांबताना जरासा पुढे जाऊन मागे येतो, आणि जवळच्या वस्तू लांबच्यांपेक्षा जास्त सरकतात. प्रेक्षकाला हे शब्दांत सांगता येणार नाही, पण खोटं वाटतंय हे त्याला कळतं.

आता मास्क. कॅमेरा कार्यालयातल्या खांबामागून चालत जातो. खांबाने फ्रेम वरपासून खालपर्यंत झाकली, की त्याच्या मागल्या कडेमागून दुसरं दृश्य उघडत जातं. टाइमलाइनवर पहिला शॉट वर, दुसरा खाली. वरच्या शॉटवर पेन टूलने खांबाच्या मागल्या कडेला मास्क काढायचा आणि खांब सरकेल तसा फ्रेम-फ्रेमने तो सरकवत न्यायचा. खांब कॅमेऱ्याजवळ असेल तर त्याची कड आउट ऑफ फोकस असते. मास्कचं फेदर तेवढंच मऊ हवं. धारदार ठेवलं तर कागद कापून चिकटवल्यासारखं दिसतं. आणि दुसऱ्या शॉटमध्येही कॅमेरा त्याच दिशेने, त्याच चालीने सरकत असायला हवा, नाहीतर खांबामागचं जग घसरल्यासारखं वाटतं. खांबाऐवजी माणूस असेल तर काम तिप्पट वाढतं. केस, हात आणि कमरेमधली फट, जमिनीवरची सावली, सगळं मास्कमध्ये घ्यावं लागतं. माणूस कॅमेऱ्याच्या इतक्या जवळून जावा की त्याची पाठच फ्रेम भरेल. हिचकॉकने 'रोप'मध्ये (१९४८) काही कट असेच कोटाच्या पाठीत लपवले. त्याला मात्र दुसरं दृश्य आणायचं नव्हतं. रीळ संपलं तरी वेळ अखंड वाहतोय असं भासवायचं होतं.

आता मूळ मुद्द्यावर येतो. एका पूर्ण फिल्मच्या पहिल्या कटमध्ये मी पाहिलं, की मंगलाष्टकं संपली, 'शुभमंगल सावधान' झालं, अंतरपाट खाली सरकू लागला, आणि त्याच्या वरच्या कडेमागून उघडलं ते रिसेप्शनचं स्टेज. काम निर्दोष होतं. कड सरळ, फेदर बरोबर, वेग जुळलेला. अंतरपाटासारखा आयता मास्क दुसरा मिळणारही नाही. फ्रेमभर पसरलेलं एकरंगी कापड, एकच कड. मी तो काढायला लावला.

कारण मास्क प्रेक्षकाची नजर वस्तूच्या मागे ओढतो. खांबामागे काय आहे याची कोणाला ओढ नसते, म्हणून तिथे नवं दृश्य आलं तर डोळा ते आनंदाने घेतो. अंतरपाटामागे काय आहे याची ओढ अख्ख्या मांडवाला असते. पाट सरतो, दोघं एकमेकांकडे बघतात, अक्षता पडतात, हार घातले जातात. हे सगळं एका सलग श्वासात घडतं आणि तेच बघायला घरचे लोक फिल्म लावतात. तिथे रिसेप्शन आणलं की ज्याची वाट बघितली तेच गेलं. तो शॉट आता सलग आहे. हार घालून झाल्यावर साधा कट आहे, आणि त्याआधी दोन सेकंद रिसेप्शनच्या सनईचा आवाज सुरू होतो. बाकी काही नाही.

व्हिप फक्त धमाल एडिटसाठीच असतो असंही मी म्हणत नाही. 'सिटिझन केन' (१९४१) मधला नाश्त्याच्या टेबलाचा प्रसंग बघा. केन आणि त्याची पहिली बायको, तेच लग्न, तोच नाश्ता. मध्ये व्हिप येतात आणि प्रत्येक व्हिपनंतर कपडे बदललेले, बोलणं आखूड झालेलं. शेवटी ती त्याच्यासमोर बसून प्रतिस्पर्धी वर्तमानपत्र वाचते. तिथे व्हिपने वर्षं पुसली, पण टेबल आणि माणसं तीच ठेवली. म्हणून काय बदललं ते लख्ख दिसतं. व्हिपच्या दोन्ही टोकांना काहीतरी समान हवं, ते असं.

टीझरमध्ये तेच समान टोक नवरीचा हात असू शकतो. हळदीचा हात, मग मेंदीचा, मग चुड्याचा. मिनिटभराचा टीझर, गाण्याचा ठेका आहे, तिथे दोन-तीन व्हिप खुशाल लावा. त्याहून जास्त झाले की डोळा पुढच्या झटक्याची वाट बघत बसतो आणि चेहरे बघायचं सोडतो. पाठवणीच्या आसपास मात्र एकही नको. आई दारात उभी आहे, गाडी सुटतेय, आणि कॅमेऱ्याने झटका मारून नवऱ्याच्या घरचं माप ओलांडणं दाखवलं, तर मधला रस्ता नाहीसा होतो. लेक एका घरातून दुसऱ्या घरात जाते तो हाच रस्ता. गाडीच्या काचेतला एखादा शॉट नसेल तर मोकळ्या रस्त्याचे चार सेकंद ठेवा.

आणि हे सगळं शूटच्या सकाळी कॅमेरामनशी बोलून ठेवा. हळदीत, मेंदीत आणि कार्यालयात प्रत्येकी एक सुटणारा आणि एक येणारा झटका, सगळे उजवीकडे, २५ फ्रेम, १/५०, लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद, कारण ते झटक्याच्या दोन्ही टोकांना कॅमेऱ्याशी झोंबतं. मुहूर्ताच्या वेळी दोन्ही कॅमेरे स्थिर.