चेक हातात आला म्हणजे पैसे बँकेत आले नाहीत!

पुढच्या तारखेचा चेक मिळाला त्याच दिवशी बँकेची रिसीट एंट्री मारणाऱ्यांना काय म्हणायचं ते मला कळत नाही. अरे, त्या चेकवर तारीख काय लिहिली आहे ती तरी वाचा!

आमच्याकडचंच सांगतो. एका ग्राहकाकडून 3 लाख येणं होतं, आणि त्याची क्रेडिट लिमिटही 3 लाखच. 12 मे रोजी त्याने एकेक लाखाचे तीन चेक दिले: 10 जून, 10 जुलै आणि 10 ऑगस्टचे. एंट्री करणाऱ्याने त्याच दिवशी बँक डेबिट, ग्राहक क्रेडिट, तीन लाख असं टाकून दिलं. झालं! खातं निल. सेल्सवाल्यांनी लिमिट मोकळी बघितली आणि आणखी अडीच लाखांचा माल पाठवला. इकडे बँक बुकात जे तीन लाख दिसत होते, त्यांच्या भरवशावर सप्लायरला चेक दिला गेला आणि तो परत आला. नाचक्की कुणाची? आमची.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. 10 जूनला पहिला चेक भरला तेव्हा दुसऱ्याने परत रिसीट केली! त्याला काय ठाऊक आधीच एंट्री झाली आहे ते. आता खात्यात येणं दिसतं फक्त दीड लाख. तो चेक पास झाला असं धरलं, तरी खरं येणं साडेचार लाख आहे. आणि बँक बुकात चार लाख जमा झालेले दिसतात, तर स्टेटमेंटमध्ये एकच. महिनाअखेरीला रिकन्सिलिएशन करत मी बसायचं!

यासाठी वेगळं खातं असतं, पीडीसी इन हँड, म्हणजे हातात असलेले पुढच्या तारखेचे चेक. चेक मिळाला की ते डेबिट, ग्राहक क्रेडिट. बँकेला हातही लावायचा नाही. चेकच्या तारखेला भरला की बँक डेबिट, पीडीसी क्रेडिट. त्या वेळी ग्राहकाच्या खात्याला पुन्हा शिवायचं नाही. बाउन्स झाला तर ग्राहक डेबिट, बँक क्रेडिट, की येणं जिथल्या तिथे परत उभं. दोन एंट्र्या आहेत, दोनच! त्यासुद्धा जड होतात?

आणि सेल्सवाल्यांनो, या पद्धतीतही ग्राहकाचं खातं चेक मिळाल्या दिवशीच कमी दिसणार. म्हणून लिमिट बघताना न वटलेले पीडीसी येण्यात धरा. हे मी मीटिंगमध्ये सांगितलं, मेलवर लिहिलं, तोंड दुखेपर्यंत बोललो. तरी काल पुन्हा चार महिन्यांनंतरच्या तारखेचा चेक थेट बँकेत दाखवलेला सापडला. ती एंट्री मी रद्द केली आहे, आणि यापुढे पीडीसीची प्रत्येक एंट्री माझ्या सहीशिवाय होणार नाही. कुणाला राग आला तर येऊ दे.