‘लागोम’ आणि मधाच्या शिंगाची गोष्ट

“स्वीडिश ‘लागोम’ हा शब्द ‘लागेत ओम’वरून आलाय, म्हणजे ‘सगळ्या टोळीभर’. व्हायकिंग मधाच्या मद्याचं शिंग फिरवायचे आणि सगळ्यांना पुरावं म्हणून प्रत्येक जण बेतानं घोट घ्यायचा.”

गोष्ट गोड आहे आणि स्वीडनमध्येही ती हौसेनं सांगितली जाते. पण शब्दाची घडण वेगळी आहे. ‘लाग’ म्हणजे कायदा, रीत. जुन्या स्वीडिशमध्ये नामाच्या अनेकवचनाला ‘-उम’ असा विभक्तीप्रत्यय लागायचा, त्याचाच पुढे ‘-ओम’ झाला. म्हणून लागोम म्हणजे ‘रीतीप्रमाणे’, आणि त्यावरून ‘योग्य तेवढं’. हाच प्रत्यय ‘स्तुंदोम’ (अधूनमधून) या शब्दात आजही दिसतो. तिथे कुठलंही शिंग फिरत नाही.

हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. शिंगाच्या गोष्टीमुळे लागोम म्हणजे दुसऱ्यासाठी स्वतःला आवरणं, असा समज होतो. वापरात मात्र ‘योग्य’ हाच अर्थ जिवंत आहे. कॉफी लागोम गरम असते, म्हणजे पिण्याजोगी. त्यात त्याग कसला? कुणाला करणीचं फळ मिळालं की ‘लागोम ओत दिग’ म्हणतात, म्हणजे ‘बरं झालं, हेच व्हायला हवं होतं’. इथे तर संयमाचा संबंधच नाही.

‘लागोम एर बेस्त’, म्हणजे बेताचं तेच उत्तम, ही म्हण मात्र खरीच रुळलेली आहे, आणि तिच्यात संयमाची छटा आहे.