एकनाड आणि षडाष्टक यांचे अपवाद वेगळे

"राशिस्वामी एकच असला की भकूट आणि नाडी दोन्ही दोष जातात."

लग्नाच्या गुणमिलनावरच्या तुमच्या लेखात हे वाचून राहवलं नाही. राशिस्वामीचा अपवाद मुळात भकुटाचा आहे. भकूट राशींच्या अंतरावरून बघतात, नाड मात्र जन्मनक्षत्रावरून.

माझ्या बहिणीचंच बघा. तिची मेष रास, अश्विनी नक्षत्र. स्थळ वृश्चिकेचं, ज्येष्ठा. मेषेपासून वृश्चिक आठवी, उलट मोजलं तर सहावी, म्हणजे षडाष्टक. पण दोन्हींचा स्वामी मंगळ, म्हणून ते प्रीतिषडाष्टक धरून गुरुजींनी भकूट सोडलं. नाड मात्र दोघांची एकच, आद्य, म्हणजे एकनाड दोष. पत्रिकेवर आठपैकी शून्यच राहिलं, कारण तो दोष सुटायला रास एक आणि नक्षत्रं वेगळी, किंवा नक्षत्र एक आणि चरण वा रास वेगळी, असं काहीतरी लागतं. कृत्तिकेचा दुसरा चरण आणि रोहिणी घ्या: दोघांची अंत्य नाड, पण रास वृषभच, तिथे एकनाड धरत नाहीत. काही ज्योतिषी स्वामीमैत्रीवर नाडही सोडतात, पण तो सर्वमान्य नियम नाही. लेखात एवढं दुरुस्त कराच, लोक यावरून स्थळं नाकारतात.