ट्यूबने जातं आणि परत येतं, तोंडाभोवतीच्या त्या रिंगबद्दल

मुलं ओठ चाटतात त्यामुळे तोंडाभोवती पट्टा येतो, त्यावर व्हॅसलीन लावा, असा लेख मी लिहिला होता. त्यावर एका पालकांनी लिहिलंय:

"मॅडम, लेख वाचला पण पटला नाही. मुलगी सहा वर्षांची आहे, व्हॅसलीन आम्ही रोज सकाळ-रात्र लावतोच, काही उपयोग नाही. मेडिकलवाल्याने दिलेल्या ट्यूबने दोन दिवसांत जातं, मग परत येतं. मला तर व्हिटॅमिनची कमी वाटते. ओरडून पण झालं, ऐकत नाही. नुसतं व्हॅसलीन लावा हे सांगायला डॉक्टर कशाला हवा?"

राग आला नाही हो, उलट तुम्ही सगळं नीट लिहिलंत म्हणून सविस्तर उत्तर देते.

आधी एक गोष्ट करून बघा. मुलीला आरशासमोर उभी करा आणि सांगा की जीभ बाहेर काढून तोंडाभोवती गोल फिरव, जिथपर्यंत पोचते तिथपर्यंत. जीभ जिथे थांबते तिथेच तो पट्टा थांबत असेल, कडा एकदम आखल्यासारखी असेल आणि पट्टा ओठाला चिकटूनच सुरू होत असेल, तर हे चाटण्यामुळेच झालंय. आपल्याकडच्या सावळ्या मुलांमध्ये तो लाल न दिसता काळपट-चॉकलेटी दिसतो, म्हणून बरेच पालक त्याला डाग समजून घासत बसतात. व्हिटॅमिन बी कमी असेल तर बहुतेक वेळा तोंडाचे कोपरे चिरतात, जीभ लाल आणि गुळगुळीत होते, असा कंपासने काढल्यासारखा गोल येत नाही. कोपरे आणि जीभ बघा, ठीक असतील तर व्हिटॅमिनच्या मागे लागू नका.

आता व्हॅसलीन का चाललं नाही. लाळेत अन्न पचवणारे एन्झाइम असतात, ते त्वचेवर पुन्हापुन्हा लागले की वरचा थर खराब होतो, आणि लाळ वाळताना त्वचेतला ओलावाही घेऊन जाते. म्हणजे चाटलं की मिनिटभर बरं वाटतं आणि मग आधीपेक्षा जास्त ओढल्यासारखं होतं, की परत चाटायचं. सकाळी लावलेलं व्हॅसलीन पहिल्या अर्ध्या तासातच पोटात गेलेलं असतं. माझ्या स्वतःच्या मुलीला दुसरीत असताना डिसेंबरात हेच झालं होतं आणि मीही आधी दोनदाच लावत होते, तेही फक्त ओठांवर. मग वेळा ठरवल्या: ब्रश करायच्या आधी, डबा खायच्या आधी (वरणाची आमटी, टोमॅटो, लिंबू फार झोंबतं), खाऊन तोंड साध्या पाण्याने धुऊन टिपल्यावर, शाळेतून आल्यावर, संध्याकाळी, आणि झोपताना चांगला जाड थर, कारण रात्री चाटणं कमी असतं आणि खरी झीज तेव्हाच भरून निघते. लावायचं पट्ट्याच्याही बाहेर बोटभर, चकचकीत दिसेल इतकं. पहिल्या तीन-चार दिवसांत जळजळ थांबली, साल सुटणं दोन आठवड्यांत गेलं, काळपटपणा मात्र दोन महिने होता, तो आपोआप गेला.

तूप किंवा साय लावायला हरकत नाही असं लोक म्हणतात, पण ते गोड लागतं आणि मूल अजून चाटतं. स्ट्रॉबेरीवाला लिप बाम किंवा मेंथॉलवाला याच कारणासाठी नको, मेंथॉल झोंबतंही.

ओरडण्याचं म्हणाल तर तिला कळतच नाही कधी चाटते ते. ओरडलं की घाबरते आणि अजून जीभ फिरते. त्यापेक्षा नाक चोंदलेलं आहे का बघा, तोंडाने श्वास घेणारी मुलं ओठ सुकले की चाटतात, नाक मोकळं केल्याशिवाय कितीही लावलं तरी उपयोग नाही. आणि हातात पाण्याची बाटली द्या, चाटलं की घोट घ्यायचा एवढंच सांगायचं. आमच्याकडे याने फार फरक पडला.

आता ट्यूब, मला सगळ्यात जास्त काळजी तिचीच वाटते. दोन दिवसांत जातं आणि बंद केलं की परत येतं, हे ऐकूनच वाटतं की त्यात स्टिरॉइड असणार. ट्यूबवर क्लोबेटासॉल, बीटामेथासोन किंवा मोमेटासोन लिहिलंय का बघा, बऱ्याच ट्यूबमध्ये सोबत बुरशीचं आणि अँटिबायोटिकचं औषधही मिसळलेलं असतं. चेहऱ्यावर असं आठवडेच्या आठवडे लावलं की त्वचा पातळ होते आणि तोंडाभोवती बारीक पुटकुळ्या येतात. तो वेगळाच आजार, त्यात ओठाला लागून एक बारीक पट्टी स्वच्छ राहते आणि पुटकुळ्या तिच्या बाहेर असतात. कधीकधी आम्हीही सौम्य हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का देतो, पण पाच-सात दिवस, बघून, आणि व्हॅसलीन चालू ठेवूनच.

तुम्ही ती किती दिवस वापरताय ते लिहिलं नाहीत. काही आठवडे झाले असतील तर बंद केल्यावर आधी वाढल्यासारखं दिसू शकतं, म्हणून घाबरून परत लावू नका, ट्यूब बरोबर घेऊन त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. आणि मधासारख्या पिवळ्या खपल्या धरल्या, पाणी सुटायला लागलं किंवा ताप आला तर त्याच दिवशी जा, तेव्हा इन्फेक्शन झालेलं असतं आणि ते व्हॅसलीनने जाणार नाही.