अंधारात फेस अनलॉक होत नाही म्हणजे सेन्सर गेला?

"अंधारात किंवा चष्मा घातल्यावर फोन चेहरा ओळखत नसेल, तर पुढचा सेन्सर गेला, बदलून घ्या."

बदलायची घाई करू नका. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये या कामासाठी वेगळा सेन्सर नसतोच. साधा सेल्फी कॅमेरा चेहऱ्याचा फोटो घेऊन जुळवतो. उजेड कमी असला की फोटो धूसर येतो. चष्म्याच्या काचेवर ट्यूबलाइट चमकली की डोळे झाकले जातात. दिवसा खिडकीपाशी, चष्मा काढून बघा. फोन लगेच उघडला, तर कॅमेरा ठणठणीत आहे. अंधारात स्क्रीनचा ब्राइटनेस पूर्ण वाढवा, तेवढ्या प्रकाशानेही बऱ्याचदा काम होतं. सेटिंगमध्ये सोय असेल तर चष्म्यासह चेहरा पुन्हा नोंदवा.

आयफोनच्या फेस आयडीचं तंत्र निराळं. २०१७ च्या आयफोन एक्सपासून तो चेहऱ्यावर ३०,००० हून अधिक अदृश्य इन्फ्रारेड ठिपके टाकतो आणि इन्फ्रारेड कॅमेऱ्याने चेहऱ्याची खोली मोजतो. त्याला खोलीतल्या दिव्याची गरज नाही, साधा चष्माही सहसा आड येत नाही. काही गॉगल मात्र इन्फ्रारेड अडवतात. गॉगल नसताना, भर उजेडातही तो सतत नकार देत असेल, तेव्हाच दुरुस्तीचा विचार करा, तोही आधी नॉचवरची, म्हणजे स्क्रीनच्या वरच्या काळ्या पट्टीवरची, धूळ आणि स्क्रीनगार्ड तपासून.