हिरवं पाणी

“मायक्रोवेव्हमध्ये शिजवलं की अन्नातलं ९७ टक्के सत्त्व जळून जातं म्हणे. खरं आहे का गं? तू तिकडे रोज तेच खातेस, म्हणून विचारतो.” (बापूकाका, पंचवटी, नाशिक)

‘रोज तेच’ हे दोन शब्द मला लागले. बाकी प्रश्न काकांनी काळजीपोटीच विचारला असणार. पण आमच्या घराच्या ग्रुपवर काळजी अशी एकटी कधी येत नाही. तिच्या मागोमाग मावसभावाचा अंगठा, वहिनीचं ‘म्हणूनच मी घेतला नाही’ आणि मामांचा हात जोडलेला गणपती असं सगळं येतं. रविवारी सकाळी इकडे इंग्लंडात, लीड्समध्ये, पाऊस पडत होता. मी कालचा वरणभात फिरत्या थाळीवर ठेवून तो सव्वा मिनिट बघत उभी होते, आणि हातातल्या फोनवर त्याच वरणभाताला खुनी ठरवलं जात होतं.

९७ हा आकडा हवेतला नाही, हे आधी काकांच्या बाजूने सांगते. २००३ साली स्पेनमधल्या संशोधकांनी ब्रोकोली वेगवेगळ्या पद्धतींनी शिजवून पाहिली. मायक्रोवेव्हमध्ये तिच्यातली फ्लॅव्होनॉइड्स ९७ टक्के गेली. फ्लॅव्होनॉइड्स हा वनस्पतींमधल्या द्रव्यांचा एक गट आहे, म्हणजे सगळं सत्त्व नव्हे. त्या ब्रोकोलीत पाणी घातलेलं होतं, हे मात्र पुढे पाठवलेल्या मजकुरातून गळून पडलं. गॅसवर पाण्यात उकळली तेव्हा त्याच प्रयोगात ६६ टक्के गेली. वाफवलेल्या ब्रोकोलीत घट जवळजवळ नव्हतीच. एक भाजी, एक प्रकारचं द्रव्य, एक पद्धत. तेवढ्यावरून अख्ख्या यंत्राला फाशी!

हे मी ग्रुपवर लिहिलं, जरा तिखटच लिहिलं. त्यावर मावसभावाने लहरींचा मुद्दा काढला. “दीदी, किरणं आतून शिजवतात, म्हणून पेशी फुटतात.” तो अर्धा बरोबर आहे. लहरी आत शिरतात खऱ्या, पण पदार्थात जेमतेम काही सेंटीमीटर. बटाटा ठेवला तर पृष्ठभागालगतचा भाग आधी तापतो आणि मधला गर त्या उष्णतेने हळूहळू शिजतो. म्हणून तर इकडच्या पाकिटांवर मध्येच ढवळा आणि नंतर एक मिनिट तसंच ठेवा असं लिहिलेलं असतं. लहरी पाण्याच्या रेणूंना हलवतात आणि त्यातून उष्णता होते. यंत्र बंद झालं की लहरी संपल्या, अन्नात काही उरत नाही. आणि पेशी तर काका, तुमच्या कुकरमध्येही फुटतात. पालकाचा गोळा उगाच होतो का? शिवाय कुकरमध्ये तापमान ११५-१२० अंशांपर्यंत जातं. ओल्या भाजीचं मायक्रोवेव्हमध्ये, पाणी आहे तोवर, शंभराच्या आसपास राहतं. कुकरच्या शिट्टीवर मात्र नाशकात कुणी संशय घेत नाही, कारण ती आजीच्या काळापासूनची आहे.

इथे थांबले असते तर बरं झालं असतं. पण आत्याने उत्तर दिलं. आत्या नाशकातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची, आता निवृत्त आहे. ती ग्रुपवर वर्षातून चारदा बोलते. “यंत्राला शिव्या देऊ नका आणि ओवाळूही नका. भाजीला किती पाणी घातलं, ती किती वेळ तापली आणि शेवटी पाणी कुठे गेलं, एवढंच विचारा.”

मग मी तेच करून पाहिलं. पुराव्यासाठी नव्हे, काकांना फोटो पाठवायला. दोनशे ग्रॅमची पालकाची पिशवी घेतली. निम्मी पानं धुऊन, पाणी न निथळता, काचेच्या भांड्यात टाकली आणि वर ताटली झाकली. आठशे वॅटवर दोन मिनिटं, मग ढवळून आणखी अर्धा मिनिट. पानं बसली, रंग तजेलदार हिरवा राहिला, आणि भांड्याच्या तळाशी चमचाभर पाणी उरलं. उरलेली निम्मी पातेल्यात अर्धा लिटर उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवली. ती खाकीकडे झुकली आणि पातेल्यात हिरवट पाणी उरलं. दोन्हींचा फोटो पाठवला. खाली लिहिलं, ‘यातलं कोणतं पाणी तुम्ही मोरीत ओतता?’

आत्याने तो फोटोही कापला. म्हणाली, हिरवा रंग हा मोजमाप नाही. हरितद्रव्य पाण्यात विरघळतच नाही, पानांचे बारीक कण तरंगतात म्हणून पाणी हिरवं दिसतं. क जीवनसत्त्व आणि फोलेट, म्हणजे ब गटातलं एक जीवनसत्त्व, यांचा रंग पाण्यात कळत नाही. ती पाण्यात उतरतात पण दिसत नाहीत. खाकी रंग सांगतो तो एवढंच, की भाजी आम्लात बराच वेळ तापली आणि हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम सुटलं. म्हणजे तो रंग वेळेचा साक्षीदार आहे, जीवनसत्त्वाचा नव्हे. आणि हॉटेलात पालक पनीर हिरवंगार ठेवायला सोडा घालतात तेव्हा तो साक्षीदारही फितूर होतो. रंग टिकतो, आणि ब१ व क मात्र आणखी लवकर जातात.

पाण्याचा मुद्दा मात्र तिने कायम ठेवला. उत्तर आयर्लंडमधल्या २००२ च्या एका अभ्यासात पालक नेहमीच्या वेळेइतका उकळला तर फोलेट निम्म्याच्या आसपास उरलं, आणि साडेचार मिनिटं वाफवला तर लक्षात येण्याजोगी घट झाली नाही. फोलेटचा बराचसा तोटा जळण्यातून नव्हे तर झिरपण्यातून होतो. क जीवनसत्त्व दोन्हीकडून मारलं जातं, पाण्यातूनही आणि उष्णतेनेही. म्हणून त्याला कमी पाणी हवं आणि कमी वेळही. पानं चिरून मग धुतली तर गॅस पेटायच्या आधीच हे सुरू होतं. मायक्रोवेव्हमध्ये झाकून, वेगळं पाणी न घालता, अडीच मिनिटं म्हणजे खरं तर वाफवणंच. पण त्याच यंत्रात वाटीभर पाण्यात बुडवून पाच मिनिटं फुल पॉवर ठेवलं, की तुम्ही उकळलंत, आणि मग स्पेनमधली ब्रोकोली खरी ठरते. दोष तेव्हाही लहरींचा नसतो.

हे वाचून मी जिंकले असं मला वाटत होतं, तोच मामा मध्ये आले. मामांना दोनदा मुतखडा झालाय. “डॉक्टरांनी मला पालक उकळून पाणी फेकायला सांगितलंय. तुझ्या यंत्राने माझं काय होणार?” प्रश्न मायक्रोवेव्हचा होता, मामांनी तो मूत्रपिंडाकडे नेला. पण मुद्दा बिनतोड होता. मुतखड्याला कारण होणारं पालकातलं विरघळणारं ऑक्झलेटही पाण्यातच उतरतं. फोलेट वाचवायला जे पाणी ठेवायचं, तेच त्यांना फेकायचं आहे. मी गप्प बसले. मामांनी पुन्हा गणपती टाकला.

आणि मग आई. आई ग्रुपवर लिहीत नाही, फोन करते. “अगं, आपल्याकडे पालकाचं पाणी कोण फेकतं? पातळ भाजीत जातं की!” खरंच. डाळ, शेंगदाणे, पालक, ताक आणि बेसन. जे पाण्यात उतरलं ते वाटीतच राहिलं. वर तेलाची फोडणी. पालकातलं कॅरोटीन पाण्यात उतरत नाही, पण ते अंगी लागायला स्निग्ध पदार्थ लागतो. माझ्या काचेच्या भांड्यातल्या कोरड्या, सात्त्विक, अडीच मिनिटांच्या पालकावर मी लिंबू पिळून खाल्लं होतं. तेलाचा थेंब नव्हता. म्हणजे क जीवनसत्त्वात मी पुढे, फोलेटमध्ये फार तर बरोबरीत, आणि कॅरोटीनमध्ये आईच्या वाटीपुढे हरलेली. हे मी ग्रुपवर लिहिलं नाही. इथे लिहिते आहे.

नाशकात बसून हे बोलणं सोपं आहे, हे मात्र मी सोडणार नाही. तिथे मेथीची जुडी सकाळी बाजारात उतरते तेव्हा तिच्या मुळांना माती ओली असते. पण काका ती जुडी संध्याकाळी आणतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ओट्यावर ठेवतात, हेही मी लहानपणापासून पाहिलं आहे. पालेभाजीतलं क जीवनसत्त्व उन्हाळ्याच्या घरात तसंच पडून पडून उतरत जातं, तिथे कोणतंही यंत्र लागत नाही. माझ्या फ्रीझरमधला पालक काढणीनंतर लवकरच गोठवलेला असतो. गोठवण्याआधी त्याला गरम पाण्याची आंघोळ घालतात, त्यात थोडं जातं, पुढे बरंचसं टिकतं. म्हणजे ‘तिकडचं शिळं, इकडचं ताजं’ ही विभागणी त्यांना वाटते तितकी सरळ नाही. (हे लिहिताना मला फार बरं वाटलं, हेही कबूल करते.)

तरी सांगायला हवं, की ऑफिसच्या तिसऱ्या मजल्यावर साडेबाराच्या रांगेत मी डबा घेऊन उभी असते ती सत्त्वासाठी नसते. मील डीलचं थंड सँडविच घशाखाली उतरत नाही म्हणून असते. रात्री पातेलं काढत नाही कारण एकटीसाठी पातेलं लावायचा कंटाळा येतो. ‘रोज तेच खातेस’ यातलं ‘तेच’ काकांना माहीत नाही. त्यांना वाटतं मी लहरी खाते.

आईच्या ओट्याशेजारी मी घेऊन दिलेला मायक्रोवेव्ह आहे. त्यावर विणलेलं कापड, आत कुरडयांचा डबा. गेल्या दिवाळीत गेले तेव्हा पहिल्याच सकाळी तिने डबा बाहेर काढला, आत पुसलं, आणि एक कप दूध ठेवून बटण कुठलं ते मला विचारलं. सगळ्यांचं दूध गॅसवर, पातेल्यात, साय धरलेलं होतं. माझं वेगळं. “तुला असंच लागतं ना आता,” ती म्हणाली. मी एक मिनिट लावलं.