स्क्रीनशॉटवर पावती का नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

«वाचनालयाच्या छपरासाठी रविवारी २१०० रुपये दिले. खात्यातून गेले, पण देणगीच्या पानावरचा आकडा हलला नाही, यादीतही नाव नाही. स्क्रीनशॉट पाठवला तर तुम्ही युटीआर मागता. पैसे घेताना काही विचारलं होतं का?»

भाऊ, राग रास्त आहे. दोन दिवस उत्तर दिलं नाही, ही चूक माझीच.

स्क्रीनशॉट एवढंच सांगतो की तुमच्या बँकेने रक्कम वजा केली. पुढचा प्रवास त्यात दिसत नाही. आमच्या बँकेच्या पासबुकातही तुमचे २१०० वेगळे सापडत नाहीत, कारण ऑनलाइन पैसे आमच्यापर्यंत पोचवणारी सेवा, म्हणजे गेटवे, बऱ्याच देणग्या एकत्र करून, शुल्क कापून, एकच रक्कम जमा करतो. म्हणून युटीआर. तुमच्या यूपीआय ॲपमध्ये त्या व्यवहाराच्या तपशिलात १२ आकडी क्रमांक असतो, तोच युटीआर. तो गेटवेच्या डॅशबोर्डवर टाकला की नेमका तुमचाच व्यवहार समोर येतो. पिन किंवा ओटीपी आम्हाला कधीच लागत नाही. आमच्या नावाने कुणी मागितला तर सरळ फोन ठेवा.

काल तुमचा क्रमांक टाकून पाहिला. रात्री ८:४२ला पैसे निघाले, पण बँकेचा होकार गेटवेला ८:५६ला पोचला. तोवर पानाने वाट पाहून व्यवहार फसला असं धरलं होतं. डॅशबोर्डवर तो `authorized`, म्हणजे बँकेने मंजूर केलेला होता, `captured`, म्हणजे आमच्याकडून स्वीकारलेला नव्हता, आणि पान फक्त दुसऱ्या प्रकारचे मोजतं. मुदतीत कुणी हाताने स्वीकारला नसता, तर रक्कम आपोआप तुमच्याकडे परतली असती. स्क्रीनशॉट पाहून मी आकडा वाढवला असता आणि मग पैसे परत गेले असते, तर छपराच्या हिशोबात २१०० रुपये नुसते कागदावर राहिले असते. गेल्या वर्षी असंच एकदा झालं, तेव्हा मिस्त्रीसमोर मान खाली घालावी लागली होती.

कधी डॅशबोर्डवर `captured` असतं आणि पान तरी गप्प असतं. तेव्हा गेटवेचा निरोप पानापर्यंत पोचलेला नसतो. ते पान चालवणाऱ्या प्लॅटफॉर्मवाल्यांकडून जुळवून घ्यावं लागतं. आणि क्रमांक डॅशबोर्डवर सापडलाच नाही तर? मग पैसा बँकांमध्येच अडकला आहे, आमच्या हातात काही नाही. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकाप्रमाणे, दुकानदार किंवा संस्थेला केलेलं यूपीआय पेमेंट असं अडकलं, तर ते व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत आपोआप परत यायला हवं. त्यापुढे रोजचे १०० रुपये भरपाई मिळते. तक्रार ॲपमध्ये त्याच व्यवहारावर नोंदवा. तोवर पुन्हा पैसे भरू नका, नाहीतर दोन्ही वेळचे पैसे जाऊ शकतात.

तुमचे २१०० मी आज सकाळी स्वीकारले, पानावर दिसताहेत. फक्त पैसे मुलाच्या फोनवरून गेल्यामुळे यादीत त्याचं नाव आलंय. पावती कुणाच्या नावाने फाडू, तेवढं सांगा.